चौसष्ट घरे, दहा पाळ्या आणि संपादकांना एक पत्र : अनियमित पाणीपुरवठ्याच्या तक्रारीचे प्रकरण

एका जिल्हा दैनिकाच्या वाचकपत्रांच्या मेजावर मी बरीच वर्षे काम केले आहे. पाण्याविषयीची पत्रे तेथे बाराही महिने येत आणि उन्हाळ्यात त्यांचा ढीग लागे. त्यांपैकी बहुसंख्य पत्रे छापली जात नसत. निवृत्तीनंतर मी ज्या वसाहतीत राहतो, तिच्या सचिवांनी मार्च महिन्यात असेच एक पत्र लिहून माझ्याकडे वाचायला आणून दिले, तेव्हा मेजाच्या दुसऱ्या बाजूला बसण्याची वेळ माझ्यावर आली. ते पत्र कसे बदलले, त्यासाठी कोणती माहिती गोळा करावी लागली, काय वगळावे लागले आणि छापून आल्यावर त्यातील कोणता दोष उघड झाला, याची ही हकिकत आहे.

वसाहत ६४ बैठ्या घरांची आहे. सहा गल्ल्या, प्रत्येक घराला अर्ध्या इंचाची नळजोडणी, आणि जमिनीखालची सामाईक टाकी नाही. नगरपालिकेच्या वेळापत्रकाप्रमाणे आम्हाला एक दिवसाआड सकाळी ६ ते ७.३० पाणी मिळायला हवे. इमारतींच्या संकुलात पाणी रात्री दोनला आले तरी ते आपोआप खालच्या टाकीत जमा होते आणि रहिवाशांना सकाळी त्याचा पत्ताही नसतो. आमच्याकडे मात्र नळाला धार असेल त्या वेळी कोणीतरी घरी असून पिंप, हंडे आणि बादल्या भरल्या तरच पाणी मिळते. हा फरक सचिवांच्या पहिल्या मसुद्यात कोठेही नव्हता, आणि सगळ्या तक्रारीचे मूळ तर तेथेच होते.

मसुदा चारशेहून अधिक शब्दांचा होता. ‘आपल्या लोकप्रिय दैनिकाच्या माध्यमातून मी प्रशासनाचे लक्ष वेधू इच्छितो’ अशी सुरुवात, त्यानंतर ‘पाणी हे जीवन आहे’, मग प्रशासनाची कुंभकर्णी झोप, पुढे महिलांचे हाल, गढूळ पाणी, कमी दाब, वाढलेली पाणीपट्टी, आणि शेवटून दुसऱ्या परिच्छेदात ‘टँकरवाल्यांशी अधिकाऱ्यांचे साटेलोटे असल्याशिवाय हे शक्य नाही’ हे वाक्य. शेवट ‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल’ असा. सचिव टपाल खात्यातून निवृत्त झालेले, नेटके लिहिणारे गृहस्थ आहेत. मसुद्यातला राग खरा होता. तरीही मेजावर हे पत्र आले असते तर मी ते बाजूला ठेवले असते, कारण ते गावाचे नाव बदलून महाराष्ट्रातल्या कोणत्याही नगरपालिकेला लावता आले असते. साटेलोट्याचे वाक्य तर कोणत्याही उपसंपादकाने सर्वांत आधी खोडले असते. पुराव्याशिवाय केलेला आरोप छापला तर मानहानीची जबाबदारी पत्रलेखकाबरोबर वृत्तपत्रावरही येते, आणि वाचकाच्या रागासाठी ती अंगावर घ्यायला कोणी तयार नसते.

मी त्यांना एकच प्रश्न विचारला : “पाणी कमी येतं, का वेळेवर येत नाही?” ते म्हणाले, “दोन्ही. आणि कधी येतच नाही.” किती वेळा, असे विचारल्यावर ते थांबले. “अहो, रोजचंच झालंय, आता मोजायचं काय?” हे त्यांचे उत्तर मला मेजावरच्या अनेक दूरध्वनींची आठवण करून देणारे होते. रोजचे दुखणे कोणी मोजत नाही, आणि मोजलेले नसले की पत्रात विशेषणे येतात.

मोजणी मात्र आमच्या वसाहतीत अगोदरच सुरू झालेली होती, हे आम्हाला तेव्हा कळले. शेवटच्या गल्लीतल्या एका काकूंच्या स्वयंपाकघरात दारामागे दिनदर्शिका टांगलेली आहे. तारखेच्या चौकोनात दुधाचा हिशेब लिहिण्याची पद्धत घरोघरी असते. काकू दुधाच्या आकड्याखाली पाणी आल्याची वेळही लिहीत होत्या, कारण त्यांचा मुलगा कारखान्यात पाळीने कामाला जातो आणि कपडे कधी भिजवायचे हे त्यांना ठरवावे लागते. १० मार्चपासूनच्या नोंदी सलग होत्या. ‘६.१०’, ‘दु. १’, ‘रा. ११.४०’, आणि एका चौकोनात नुसती फुली. सचिवांना मी सुचवले की मार्चअखेरपर्यंत थांबावे, याच नोंदी पूर्ण होऊ द्याव्यात आणि तोवर पाणीपुरवठा विभागाच्या कार्यालयात लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्यावी. थांबणे त्यांना पटले नाही, तरी १७ मार्चला त्यांनी तक्रार दिली आणि शिक्क्याची पोच आणली.

१० ते २८ मार्च या काळात आमच्या दहा पाळ्या होत्या. ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासापर्यंत आलेले पाणी आम्ही वेळेवर आले असे धरले. या हिशेबाने तीन पाळ्या वेळेवर झाल्या, चार पाळ्यांना दोन ते नऊ तास उशीर झाला, दोन वेळा पाणी रात्री अकरानंतर आले आणि एक पाळी पूर्ण बुडाली. आकडे एवढेच. परंतु ‘नेहमीच उशीर’ असे म्हणणाऱ्या सचिवांनाही तीन पाळ्या वेळेवर झाल्याचे पाहून थोडे आश्चर्य वाटले, आणि हे तीन लपवायचे का, असे त्यांनी मला हळूच विचारले. ते लपवायचे नव्हते. दहापैकी तीन हा आकडा वाचणाऱ्याला उरलेल्या सातांवर विश्वास ठेवायला लावतो. दहापैकी दहा असे लिहिले असते तर कार्यालयाने एक वेळेवरची पाळी दाखवून सगळे पत्र खोटे ठरवले असते.

आता कमी पाण्याचा प्रश्न. त्यासाठी १५ लिटरची बादली आणि हातातले घड्याळ पुरते. पहिल्या गल्लीतल्या पहिल्या घरी बादली एका मिनिटात भरली. शेवटच्या गल्लीत काकूंच्या नळाखाली तीच बादली भरायला ३ मिनिटे २० सेकंद लागली. दीड तासाच्या पाळीत पहिल्या घराला १,३५० लिटर मिळू शकतात आणि शेवटच्या घराला ४०५. मलनिस्सारणाची व्यवस्था असलेल्या शहरांसाठी केंद्राच्या नियमावलीत माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. चार माणसांच्या घराला दोन दिवसांसाठी ते १,०८० लिटर होते. म्हणजे पाळी पूर्ण दीड तास चालली तर पहिल्या गल्लीला पाणी पुरून उरते आणि शेवटच्या गल्लीत माणशी रोज जेमतेम ५० लिटर पडते. एकाच वसाहतीत, एकाच पाळीत हा फरक असेल, तर त्याचे कारण सगळेच नगरपालिकेकडे असणार नाही.

ते कारण ऐकू येत होते. पाणी आले की मधल्या गल्ल्यांतून मोटारींची घरघर सुरू होई. अकरा घरांनी नळाला थेट मोटार लावली होती. असे करण्यास मनाई असते. पण शेजाऱ्याने लावली की आपल्या नळाची धार बारीक होते आणि मग आपणही लावतो. मोटार नुसते शेजाऱ्याचे पाणी ओढते एवढेच नाही. वाहिनीत दाब नसताना ती शोषून घेऊ लागते, आणि जोडावर गळती असेल व जवळून गटार जात असेल तर गटारातले पाणीही त्या वाटेने आत येते. पाळीच्या सुरुवातीला येणाऱ्या गढूळ पाण्याची जी तक्रार मसुद्यात होती, तिचा काही भाग येथे असण्याची शक्यता आहे. काही भाग दोन दिवस रिकाम्या राहिलेल्या नळातला गाळ असतो. यांतले किती कशाचे, हे नमुना तपासल्याशिवाय सांगता येत नाही.

पत्रात दाबाचा मुद्दा घ्यायचा की नाही, यावर सचिवांचे आणि माझे अर्धा तास चालले. शेवटच्या गल्लीवर अन्याय होईल, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते रास्त होते. माझे म्हणणे असे, की दाबाविषयी एक वाक्य लिहिले की अभियंता पहिली भेट मोटारींना देईल, अकरा जोडण्यांवर कारवाईची नोटीस निघेल, आणि पाळीच्या वेळेचा विषय तेथेच संपेल. मोटारी नाहीत असे आम्ही कोठेही लिहिले नाही आणि लिहिलेही नसते. पण वेळ चुकण्याचा मोटारीशी काही संबंध नव्हता. दोन वेगळ्या कारणांचे दोन विषय एका छोट्या पत्रात घातले की त्यांतला कच्चा विषय पक्क्याला बुडवतो. दाबासाठी वेगळा अर्ज करायचा आणि त्याआधी मोटारींबद्दल वसाहतीच्या सभेत बोलायचे, असे ठरले. दुसरे काम पहिल्यापेक्षा अवघड होते, हे दोघांनाही ठाऊक होते.

वेळ का चुकते, हे आम्हाला व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या कर्मचाऱ्याकडून समजले. आमची उंच टाकी तीन भागांना पाणी देते. पंपगृहावर वीज गेली की टाकी उशिरा भरते; मग पहिल्या भागाची पाळी उशिरा सुरू होते, दुसऱ्याची त्याहून उशिरा, आणि आम्ही क्रमाने तिसरे असल्यामुळे सगळा उशीर साचून आमच्या वाट्याला येतो. टाकीची पातळी फारच खाली असली तर तिसऱ्या भागाचा व्हॉल्व्ह त्या दिवशी सोडलाच जात नाही. सचिवांच्या मेहुणी दुसऱ्या भागात राहतात. त्यांना फोन करून पाहिले, तर ज्या दिवशी आमची पाळी बुडाली त्या दिवशी त्यांच्याकडे दुपारी का होईना, पाणी येऊन गेले होते. सांगितलेली गोष्ट आणि पाहिलेली गोष्ट जुळत होती.

एवढे कळल्यावर सचिवांना ते सगळे पत्रात घालायचे होते. मी दोन कारणांनी नको म्हटले. ही माहिती एका कर्मचाऱ्याने रस्त्यावर उभे राहून आपल्याला दिली. ती छापून आली की कोणी सांगितले हे कार्यालयात पाच मिनिटांत कळले असते. दुसरे असे, की कारण देणे हे कार्यालयाचे काम आहे. आपण कारण लिहिले आणि त्यात थोडी चूक निघाली, तर उत्तर त्या चुकीला मिळते. या माहितीचा उपयोग आम्ही मागणी ठरवण्यासाठी केला. वीज जाणे आमच्या नगरपालिकेच्या हातात नव्हते आणि नवी टाकी बांधायला वर्षे लागली असती; पण टाकी भरली नाही हे पंपगृहात सहा वाजण्यापूर्वी माहीत असते, त्यामुळे बदललेली वेळ कळवणे त्यांना त्या दिवसापासून जमण्यासारखे होते. ‘पाणीपुरवठा सुरळीत करावा’ ही मागणी मी हजारो पत्रांत वाचली असेन. तिला ‘प्रयत्न सुरू आहेत’ हे उत्तर नेहमी तयार असते.

३० मार्चला गेलेले पत्र असे होते :

दिनांक : ३० मार्च

प्रति,
मा. संपादक,
वाचकपत्रे विभाग

विषय : वसाहतीतील अनियमित पाणीपुरवठा

महोदय,

आमच्या ६४ घरांच्या वसाहतीला एक दिवसाआड सकाळी ६ ते ७.३० या वेळेत पाणी देण्याचे नगरपालिकेचे वेळापत्रक आहे. १० ते २८ मार्च या काळातील दहा पाळ्यांची आम्ही नोंद ठेवली. त्यांपैकी तीन वेळा पाणी वेळेवर आले, चार वेळा दोन ते नऊ तास उशिरा आले, दोन वेळा रात्री अकरानंतर आले आणि एक पाळी पूर्णपणे बुडाली. बदललेल्या वेळेची सूचना एकदाही मिळाली नाही.

उशीर होणार असल्यास पाळीच्या दिवशी सकाळी ६ पूर्वी नवी वेळ कळवावी आणि बुडालेली पाळी दुसऱ्या दिवशी द्यावी, एवढीच आमची मागणी आहे.

आमची घरे बैठी असून सामाईक टाकी नाही. नळाला पाणी असेल तेव्हाच ते भरावे लागते; त्या वेळी घरी कोणी नसल्यास पुढच्या पाळीपर्यंत, म्हणजे एकूण चार दिवस, त्या घराला पाणी मिळत नाही. याबाबत १७ मार्च रोजी दिलेल्या लेखी तक्रारीची पोच आमच्याकडे आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.

आपला विश्वासू,
(सचिवांची सही, पूर्ण नाव, वसाहतीचे नाव व पत्ता, प्रसिद्धीसाठी नसलेला दूरध्वनी क्रमांक खाली स्वतंत्र)

सचिवांनी ते दोनदा वाचले आणि म्हणाले, “एवढंच? यात राग कुठे आहे?” मी त्यांना तिसऱ्या परिच्छेदातले ‘चार दिवस’ दाखवले. शेवटची भरलेली पाळी सोमवारी, बुधवारची चुकली, की पुढचे पाणी शुक्रवारी. सोमवारी भरलेल्या पिंपावर शुक्रवारपर्यंत काढायचे. ज्याने उन्हाळ्यात पिंपाचा तळ खरवडला आहे, त्याला त्या दोन शब्दांत राग पुरेसा दिसतो.

मागणी दुसऱ्याच परिच्छेदात का घेतली, हेही त्यांनी विचारले. शाळेत शिकवलेल्या पत्रात ती शेवटी येते. याचे कारण मेजावरच्या कात्रीत आहे. जागा कमी पडली की पत्र बहुधा खालून कापले जाते, कारण घाईत असलेला उपसंपादक वरची वाक्ये मोडून पुन्हा जुळवत बसत नाही. मागणी शेवटी ठेवलेली कितीतरी पत्रे मी स्वतः मागणीशिवाय छापली आहेत, याची मला आता लाज वाटते. मजकूर पानावर सरळ उचलता यावा म्हणून तो ई-मेलमध्येच युनिकोडमध्ये टंकित करून पाठवला. लेटरहेडवरच्या कागदाचे छायाचित्र पाठवले की कोणाला तरी ते पुन्हा टंकित करावे लागते आणि त्या दिवशी तसा कोणी मोकळा नसतो. पत्र एकाच दैनिकाला पाठवले. सचिवांचा बेत चार दैनिकांना पाठवण्याचा होता, परंतु तेच पत्र दुसरीकडे छापलेले दिसले की त्या लेखकाचे पुढचे पत्र बाजूला पडते.

तिसऱ्या दिवशी दैनिकातून फोन आला. पोच खरोखर आहे का, एवढेच त्यांनी विचारले आणि तिचे छायाचित्र मागवून घेतले. ५ एप्रिलला पत्र छापून आले. मथळा त्यांनी दिला होता : ‘पाण्याची वेळ तरी कळवा’. शेवटची दोन वाक्ये, म्हणजे तक्रार आणि पोच, कापली गेली होती. ज्या पोचेमुळे पत्र छापले गेले, तीच पानावर नव्हती. मागणी शाबूत होती.

दोन दिवसांनी कनिष्ठ अभियंता आले, आणि त्यांनी आमच्या नोंदींतली एक चूक दाखवली. ते व्हॉल्व्हची नोंदवही घेऊन आले होते. २२ मार्चला आमच्याकडे ८.२० अशी नोंद होती, त्यांच्याकडे व्हॉल्व्ह ७.४५ ला सोडल्याची. दोन्ही खऱ्या होत्या. काकूंचे घर वाहिनीच्या टोकाला आहे. दोन दिवस रिकामी असलेली वाहिनी भरत भरत पाणी तेथे पोचायला त्या दिवशी पस्तीस मिनिटे लागली. त्यांच्या नोंदीप्रमाणे उशीर पावणेदोन तासांचा होता आणि आम्ही ‘दोन ते नऊ’ लिहिले होते. गृहस्थ सभ्य होते, त्यांनी फार ताणले नाही, पण हे माझ्या लक्षात आधीच यायला हवे होते. पाण्याची वेळ वसाहतीच्या तोंडाशी असलेल्या पहिल्या घरी नोंदवायची आणि टोकाच्या घरची वेगळी लिहायची, म्हणजे व्हॉल्व्हचा उशीर आणि वाहिनी भरण्याचा उशीर एकमेकांत मिसळत नाहीत. उरलेल्या सहा नोंदींबद्दल त्यांनी हरकत घेतली नाही. त्या वेळी मधल्या गल्लीत एक मोटार चालू होती. त्यांनी ऐकली, आम्हीही ऐकली, आणि कोणी काही बोलले नाही.

८ एप्रिलपासून भागाच्या व्हॉट्सॲप गटावर वेळ कळवणारा संदेश येऊ लागला. पुढच्या दहा पाळ्यांपैकी पाच वेळेवर झाल्या, चार उशिरा पण संदेशानंतर, आणि एक उशिरा व संदेशाशिवाय. एकही पाळी बुडाली नाही, त्यामुळे दुसऱ्या मागणीचे काय झाले हे समजण्याचा प्रसंग आला नाही. वीज गेली की टाकी अजूनही उशिराच भरते आणि तिन्ही भागांत आमचा क्रम अजूनही तिसराच आहे. उशिराच्या दिवशी काकूंचा मुलगा आता कामाला निघण्यापूर्वी शेजारी किल्ली ठेवून जातो.

दाबाचा अर्ज सचिवांनी लिहून ठेवला आहे. मोटारींसंबंधीच्या सभेला चौसष्ट घरांतून एकोणीस माणसे आली. मोटार असलेल्या अकरा घरांपैकी दोघे होते. सचिवांनी त्या दोघांना पुढच्या पाळीला बादली आणि घड्याळ घेऊन काकूंच्या नळापाशी बोलावले आहे.